गच्चीवरचं सोलर: आधी बिल वाचू, मग पॅनेल मोजू

(लातूरमधल्या आमच्या २४ घरांच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मी जे बोललो, ते जवळपास तसंच लिहून काढलं आहे. सभेला न आलेल्यांनी मागितलं म्हणून.)

मंडळी, विषयपत्रिकेवर चौथा विषय सोलरचा आहे. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तेव्हापासून दर महिन्याला कुणीतरी एजंट आपल्या गेटवर येतो आणि 'बिल शून्य' असं छापलेला कागद वॉचमनच्या हातात देऊन जातो. मी आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवण्यात तीस वर्षं घालवली, त्यामुळे सेक्रेटरींनी हे सगळे कागद माझ्याकडे टाकले. ते मी वाचले, गच्चीवर जाऊन मोजमाप केलं आणि आपली बारा महिन्यांची बिलं घेऊन बसलो. हिशेब बिलांतच सापडला, म्हणून सुरुवात बिलापासून करतो.

आपलं कॉमन मीटर नेमकं काय खातं

लिफ्ट, बोअरची मोटर, वरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर, जिन्यातले आणि पार्किंगचे दिवे हे सगळं एका मीटरवर आहे. वर्षाला साधारण ९,००० युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी ७५०. एक युनिट म्हणजे हजार वॉटचं काहीतरी तासभर चालवणं. कपड्याची इस्त्री तासभर सुरू ठेवली की एक युनिट, असं धरा.

या ७५० युनिटचं बिल साधारण ११,७०० रुपये येतं. भागाकार केला तर युनिट साडेपंधरा रुपयांना पडतं. पण हा भागाकार फसवा आहे, कारण सगळी युनिट एका भावानं येत नाहीत. बिलाच्या मागची बाजू बघा. पहिली शंभर युनिट साडेचार रुपयांच्या आसपास, तीनशेपर्यंतची साडेनऊच्या पुढे, पाचशेपर्यंतची पावणेतेराच्या आसपास आणि पाचशेच्या वरची सव्वाचौदाच्या पुढे. त्यावर प्रत्येक युनिटला जवळपास दीड रुपया वहन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे आपलं शेवटचं, सगळ्यात वरचं युनिट अठरा रुपयांच्या पुढे जातं आणि सगळ्यात खालचं सात रुपयांच्या आत पडतं.

हे लक्षात ठेवा, कारण सोलरचं युनिट आधी वरचं युनिट खोडतं. उसाच्या गाडीवरून मोळ्या उतरवताना आधी वरची उतरते ना, तसं. पहिली मोळी अठरा रुपयांची आणि तळाची सात रुपयांची. गाडी पूर्ण रिकामी करायची की तळाच्या मोळ्या राहू द्यायच्या, हा आपला प्रश्न आहे, आणि एजंटच्या कागदावर तो नसतो.

पॅनेल करतं काय

काचेखाली जे निळे-काळे चौकोन दिसतात ते सिलिकॉनचे असतात. त्यावर उजेड पडला की आतले इलेक्ट्रॉन हलायला लागतात, आणि चौकोनाची रचना अशी असते की ते एकाच दिशेनं वाहतात. हीच वीज. काही जळत नाही, काही फिरत नाही, आवाज नाही. ही वीज बॅटरीसारखी एकाच दिशेची असते आणि आपल्या मोटरी चालतात त्या उलटसुलट दिशा बदलणाऱ्या विजेवर. मधे एक पेटी लागते, जी हे रूपांतर करते. तिला इन्व्हर्टर म्हणतात. घरातला बॅटरीवाला इन्व्हर्टर वेगळा, हा वेगळा. याला बॅटरी नसते.

पॅनेल साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद येतं आणि साधारण साडेपाचशे वॉटचं असतं. दोन पॅनेल म्हणजे ढोबळमानानं एक किलोवॅट. एक किलोवॅट आपल्याकडे वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चार युनिट देतो असं सगळे सांगतात. ते चूक नाही. पण धूळ, ढग आणि बंद पडलेले दिवस धरून मी वर्षाला १,४६० ऐवजी १,३५० च धरतो. हिशेबात हात आखडता घेतलेला बरा.

आता एक गोष्ट सांगतो, जी ऐकून मागच्या वेळी देशमुख काकांनी मला वेड्यात काढलं होतं. मे महिन्यात पॅनेल जोरात चालत नाही. त्याला उजेड हवा असतो, ऊन नको असतं. बाहेर ४२ अंश असतं तेव्हा पॅनेलची पाठ ६५-७० अंशांवर जाते, आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला त्याची ताकद साधारण ०.३५ टक्क्यानं उतरते. भर दुपारी पंधरा टक्के तिथेच गेले. दिवस मोठा असल्यानं एकूण आकडा बरा येतो, पण जास्त समाधान देतात ते फेब्रुवारी-मार्च. आभाळ स्वच्छ आणि हवा त्या मानानं थंड. जुलै-ऑगस्टमध्ये काही दिवस दोन युनिटवर येतात, तेव्हा कुणी माझ्या दारावर यायचं नाही.

दिवसा तयार होते, लिफ्ट तर रात्रीही चालते

यासाठी नेट मीटर. दुपारी बारा वाजता पॅनेल जोरात असतात आणि लिफ्ट रिकामी उभी असते. ती वीज महावितरणच्या तारेत जाते आणि मीटर ती मोजतं. रात्री आपण तारेतून घेतो, तेही मोजतं. महिनाअखेर वजाबाकी होते आणि उरलेल्या युनिटचं बिल येतं.

२०१६ चा उन्हाळा आठवा, मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हाचा. आपली टाकी भरलेली असताना टँकर आला, तर आपण अर्धा शेजारच्या सोसायटीत उतरवायचो आणि चार दिवसांनी त्यांचा आला की आपला अर्धा परत घ्यायचो. नेट मीटर म्हणजे तोच व्यवहार, फक्त वहीत लिहिलेला. एका महिन्यात जास्त दिलेली युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात. मात्र ही वही ३१ मार्चला बंद होते. तेव्हा शिल्लक राहिलेल्या युनिटचे पैसे मिळतात, पण आपण विकत घेतो त्याच्या मानानं किरकोळ भावानं. म्हणून वीज विकून कमाई करू, हा विचार डोक्यातून काढा.

एक बारीक गोष्ट. २०२५ च्या दर आदेशापासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर सवलत आली. म्हणजे दिवसाचं युनिट आणि रात्रीचं युनिट यांत भेद सुरू झाला. पुढे वजाबाकीचे नियम कसेही फिरले तरी आपलं नुकसान नको, म्हणून टाकीच्या मोटरीचा टायमर पहाटे पाचवरून सकाळी अकरावर नेऊ. त्याला खर्च काही नाही.

पाच किलोवॅट की सात

आपल्याला आलेल्या तिन्ही कोटेशनमध्ये सात किलोवॅट लिहिलंय. कारण सोपं आहे: ९,००० भागिले १,३५०, उत्तर पावणेसातच्या आसपास. बिल शून्याजवळ दिसतं आणि कागद चांगला वाटतो. आपला मंजूर भार साडेसात किलोवॅट आहे, त्याच्या आत बसतं. त्यामुळे नियमाची अडचणही नाही. तरी मी पाच म्हणतोय. का, ते फळ्यावर मांडतो.

पाच किलोवॅट महिन्याला सरासरी ५६० युनिट देतील. ७५० मधून ते गेले की १९० उरतात. खोडली गेली ती कोणती? पाचशेच्या वरची सगळी अडीचशे, त्याखालची दोनशे आणि तिसऱ्या थरातली एकशेदहा. वहन आकार आणि शुल्क धरून महिन्याला साधारण ९,३०० रुपये वाचतात, वर्षाला एक लाख अकरा-बारा हजार. त्यातून धुण्याचा आणि विम्याचा खर्च दहा हजार वजा करा. हातात राहिले एक लाख दोन हजार.

खर्च किती? गच्चीवर माणूस खालून चालत जाईल इतक्या उंच सांगाड्यासह किलोवॅटला ६५,००० च्या आसपास भाव आला आहे, म्हणजे सव्वातीन लाख. सोसायटीच्या कॉमन वापरासाठी केंद्राचं अनुदान किलोवॅटला १८,००० आहे, त्याचे ९०,०००. पदरचे गेले दोन लाख पस्तीस हजार. भागाकार सव्वादोन वर्षं येतो. पण महिने सारखे नसतात. पावसाळ्यात कमी आणि फेब्रुवारीत जास्त, त्यामुळे चांगल्या महिन्यातलं जादा युनिट तळाच्या स्वस्त थरात जाऊन पडतं. म्हणून मी सभेला अडीच वर्षं सांगतो.

आता वरचे दोन किलोवॅट वेगळे काढून बघा. त्यांना पदरचे साधारण ८४,००० जास्त लागतात, कारण सांगाडा आणि वायरिंग आधीच असल्यानं ते थोडे स्वस्त पडतात. ते खोडणार काय? उरलेली १९० युनिट, जी स्वस्तातली आहेत. त्यातून महिन्याला १,८५० च्या आसपास वाचतात, वर्षाला २२,०००. म्हणजे या दोन किलोवॅटचे पैसे फिटायला पावणेचार-चार वर्षं. हा सौदा वाईट नाही, बँकेतल्या ठेवीपेक्षा चांगलाच आहे. पण कोटेशनमध्ये सातही एकत्र मिसळून सरासरी सांगतात, तेव्हा पहिल्या पाचांची कमाई शेवटच्या दोघांचा आळस झाकून टाकते. आपल्याकडे पार्किंगमध्ये गाड्यांचं चार्जिंग आलं की वापर वाढेल, गाडीवर वरच्या मोळ्या पुन्हा चढतील. तेव्हा दोन वाढवू. इन्व्हर्टर तेवढा आताच मोठा घेऊन ठेवायचा.

आणि बिल शून्य सातनेही होणार नाही. स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क राहतंच. 'शून्य' छापलेला कागद घरी नेऊन त्यावर भाजी निवडा.

लाईट गेल्यावर लिफ्ट चालेल का

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला आणि उत्तर कुणालाच आवडलं नाही. तारेतली वीज गेली की आपला इन्व्हर्टर काही क्षणांत स्वतःहून बंद होतो, डोक्यावर लख्ख सूर्य असला तरी. कारण खांबावर चढलेला वायरमन. त्यानं तार मेली म्हणून हात लावला आणि आपल्या गच्चीवरून त्यात वीज जात असली तर? म्हणून ही सोय मुद्दाम आत बसवलेली असते, ती काढता येत नाही आणि काढूही नये. लिफ्टसाठी बॅटरी लावायची तर तो वेगळा आणि मोठा खर्च आहे, तो आजच्या हिशेबात मिसळू नका. आपला जनरेटर राहील तिथेच राहील.

सावली: मे महिन्यात बघू नका

पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात. पांदीतून बैलगाड्यांची रांग चालली आहे असं समजा. पुढच्या गाडीचा बैल बसला की मागच्या नऊ गाड्या उभ्या. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर टाकीची सावली पडली तर सगळ्या रांगेचा जोर उतरू शकतो. पॅनेलच्या मागे बगल देणारे छोटे भाग असतात, त्यानं सगळंच थांबत नाही, पण नुकसान सावलीच्या आकारापेक्षा बरंच मोठं असतं.

गेल्या मे महिन्यात एक माणूस गच्ची बघून गेला. दुपारी बाराला आला, हात फिरवला आणि म्हणाला, 'साहेब, सावलीच नाही.' नसणारच. लातूरला मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्या आठवड्यात दुपारी उभ्या खांबालाही सावली नसते. मी डिसेंबरपर्यंत थांबलो. २१ डिसेंबरला खडू घेऊन वर गेलो आणि नऊ, बारा आणि तीन वाजता टाकीच्या सावलीच्या कडा फरशीवर आखल्या. बाराला सावली टाकीच्या उंचीइतकी, जराशी कमी, उत्तरेकडे पडली होती. नऊ आणि तीनला ती आडवी लांबत गेली आणि जिन्याच्या खोलीच्या पलीकडे पोचली. आता खडूच्या त्या तीन रेषांवर मी ऑइलपेंट मारलाय. वर जाऊन बघा. टाकीच्या दक्षिणेला ३० बाय १५ फुटांचा एक तुकडा सगळ्या रेषांच्या बाहेर आहे. दहा पॅनेल तिथे दक्षिणेकडे तोंड करून, पंधरा-वीस अंशांच्या उतारावर बसतात. ज्याला काम देऊ त्याच्या करारात हा तुकडा नकाशासह लिहायचा. दोघांनी कोटेशनमध्ये पॅनेल टाकीच्या उत्तरेला दाखवलीत, कारण तिथून केबल कमी लागते.

स्लॅब गळेल, गारा पडतील, वावधान येईल

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची भीती रास्त आहे. वॉटरप्रूफिंगवर आपण आताच पैसे घातलेत. म्हणून ड्रिल मारून खुंट्या ठोकायच्या नाहीत, सांगाड्याचे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, ठोकळे सध्याच्या थरावर. त्यासाठी स्लॅबला वजन झेपतं का हे इमारतीच्या इंजिनिअरकडून लेखी घ्यायचं. आपल्याकडचा वैशाखातला वारा पॅनेलला खालून उचलतो, तेव्हा ठोकळ्याचं वजन अंदाजानं नाही, गणितानं ठरलं पाहिजे.

गारांचं म्हणाल तर पॅनेलची चाचणी २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्यावर घेतलेली असते. २०१४ च्या मार्चमध्ये मराठवाड्यात पडल्या तशा लिंबाएवढ्या गारांची हमी काच देत नाही. म्हणून विमा. त्यात गारपीट आणि वादळ हे दोन शब्द आहेत का, ते स्वतः वाचून सही करायची. वीज पडण्यापासूनचा खांब आणि त्याची अर्थिंग वेगळी, पॅनेल बाजूची वेगळी, आपल्या वायरिंगची वेगळी. तीन खड्डे मोजून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.

बसवल्यावर कळायचं कसं की नीट चाललंय

स्वच्छ आभाळाच्या दिवशी पाच किलोवॅटचे वीस युनिट आले पाहिजेत. मोबाईलवर आकडा दिसतो. फेब्रुवारीत सलग तीन दिवस पंधराच्या खाली आला तर आधी धूळ बघा. आपल्याकडे काळ्या मातीची बारीक धूळ महिनाभरात दहा टक्के सहज खाते. धुवायचं कसं, हे लिहून ठेवतो: सकाळी सातच्या आत, तापलेल्या काचेवर गार पाणी कधीच नाही, आणि बोअरचं पाणी नाही. आपल्या बोअरच्या पाण्यानं बादलीला जो पांढरा थर बसतो तोच काचेवर बसतो आणि मग निघत नाही. नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी, मऊ फडका, पंधरा दिवसांनी एकदा.

धूळ नसेल आणि दुपारीच आकडा पडत असेल, तर इन्व्हर्टरच्या पडद्यावर व्होल्टेज बघायचं. आजूबाजूला सोलर वाढलं की दुपारी तारेतलं व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर पुन्हा पुन्हा बंद होतो. ते दुरुस्त करणं आपल्या हातात नाही, फोटो काढून तक्रार करायची.

आणि पहिली दोन बिलं मी स्वतः तपासणार. माझ्या मेव्हण्याच्या घरी नेट मीटर बसला, पण तारेत दिलेली युनिट बिलात दोन महिने आलीच नाहीत. मीटरवर आकडा होता, कागदावर नव्हता. चार चकरांनंतर दुरुस्त झालं. त्यानं दर रविवारी मीटरचा फोटो काढून ठेवला होता म्हणून झालं.

मग आज काय ठरवायचं

अनुदान सोलर बसून चालू झाल्यानंतर सोसायटीच्या खात्यात येतं, आधी नाही. म्हणजे आज सव्वातीन लाख उभे करावे लागतील, घरटी साडेतेरा हजार. त्यातले पावणेचार हजार नंतर परततील. अनुदान हवं तर पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही देशात बनलेले हवेत आणि काम योजनेत नोंदलेल्या ठेकेदाराकडूनच. त्याला पाच वर्षं देखभाल करावी लागते, ते करारात येतंच. पॅनेलवर पंचवीस वर्षांची हमी असते, इन्व्हर्टर मात्र दहा-बारा वर्षांत बदलावा लागेल, म्हणून वाचलेल्या रकमेतून दरवर्षी पाच हजार वेगळे काढायचे.

'माझ्या घराचं बिल कमी होणार का,' असं मागच्या रांगेतून विचारलं गेलं. नाही. हे पॅनेल कॉमन मीटरला जोडलेलं असेल. तुमचा मेंटेनन्स कमी होऊ शकतो, घरटी महिन्याला साडेतीनशेच्या आसपास, पण पहिली अडीच वर्षं तो पैसा तुमचेच साडेतेरा हजार फेडत राहील. ज्यांना या दोन वर्षांत फ्लॅट विकायचा आहे त्यांनी आज विरोधात हात वर केला, तर मी रागावणार नाही.

चहा आलाय. चहानंतर दोन ठराव घेऊ: एक पाच किलोवॅटचा, आणि दुसरा सकाळी सातच्या आत कोण उठणार त्याचा.